टॅग न कापलेली एकदाणी

आमच्या घरात सोनं नव्हतं, सोन्यावरची पत्रकं मात्र गठ्ठ्यांनी होती. देऊळगाव राजात बाबांचा लहानसा छापखाना. पोट भरायचं लग्नपत्रिकांवर आणि उरलेल्या कागदावर बाबा स्वतःची पत्रकं छापायचे. त्यामुळे ‘हुंडा देणार नाही, घेणार नाही’ या ओळीमागे कधी अर्धा गणपती असायचा, कधी कुणाच्या तरी मामा-मामींची अर्धवट नावं. मी अक्षरं ओळखायला लागले ती यांवरच. ‘पावती मागा, तो तुमचा हक्क आहे’ हे वाक्य मी शाळेत जायच्या आधी घडाघडा म्हणायचे आणि पाहुणे हसले की मला त्यांचा राग यायचा. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजूनही कळलेलं नाही.

पत्रकांच्या घड्या आई घालायची. अंगणवाडीतून आली की पायावर पाट ठेवून, अंगठ्याच्या नखानं कड दाबत. आई-बाबांचं लग्न दोन हारांवर झालेलं. आईच्या गळ्यात काळ्या मण्यांची एक सर, त्यात सोन्याचा एक ठिपका नाही. ‘लग्न करा, सोनं नको’ हे बाबांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक. ते वाटायला आई गावोगाव फिरली, बायकांपुढे बोलली आणि बोलताना स्वतःच्या गळ्याला हात लावून दाखवायची. बायका त्या गळ्यावर विश्वास ठेवायच्या.

ती अंगणवाडीतून निवृत्त झाली आणि तिची एकरकमी रक्कम खात्यात आली, त्यानंतरची ही गोष्ट. बाबा छापखान्यात होते. मी एका साप्ताहिकाची मुद्रितं तपासत बसले होते. आई समोर येऊन बसली आणि म्हणाली, “मले एकदाणी घ्याची हाय.”

एकदाणी म्हणजे सोन्याच्या गोल मण्यांची एकच सर, गळ्यालगत बसणारी. आमच्याकडे शेतात जाणाऱ्या बायकांच्या गळ्यातही ती दिसते. मी वर पाहिलं. काही विचारणार, एवढ्यात ती म्हणाली, “काऊन ते इचारू नको. एवढ्या वर्षांत मी कोणाले काही मांगतलं का? पैसे माहे हायेत. तू फक्त फोनवर पाह्यजो.”

फोनवर कशासाठी, हे मात्र मला सांगावं लागलं नाही. गावातल्या सराफ ओळीत एकही दुकान असं नव्हतं जिथे बाबा पत्रकं घेऊन उभे राहिले नव्हते. घडणावळ बिलावर वेगळी लिहा, हॉलमार्कची खूण भिंगातून दाखवा, वजन करताना काटा गिऱ्हाइकाकडे वळवा. त्यातले काही सराफ पुढे बाबांचे मित्रही झाले, पण आई त्यांच्या दुकानात शिरली असती तर ती बातमी ती घरी पोचायच्या आत छापखान्यात पोचली असती. कुणी वाईट बोललं नसतं. खुर्ची दिली असती, चहा मागवला असता आणि तेच तिला नको होतं.

मला आनंद झाला, हे खरं. मी कायम म्हणत आले की बाईचा पैसा बाईनं स्वतःच्या मनानं खर्चावा, आणि हे मी छापलंसुद्धा आहे. पण आनंदाआधी माझ्यातली बाबांची लेक जागी झाली. म्हटलं, घ्यायची तर डोळे उघडे ठेवून घेऊ.

त्यानंतर रोज दुपारी बाबा छापखान्यात गेले की आम्ही दोघी एका फोनवर डोकी जोडून बसायचो. आईला पहिल्याच दिवशी एक एकदाणी आवडली. मी ती खाली सरकवून किमतीची फोड उघडली. मण्यांच्या आत लाख भरलेली होती. एकूण वजन ठळक अक्षरांत आणि निव्वळ सोन्याचं वजन बारीक अक्षरांत, एकूण वजनापेक्षा कितीतरी कमी. सोन्याचा भाव निव्वळ वजनावर लावला होता, म्हणजे फसवणूक नव्हती. पण वरचा आकडा पाहून मन भरणाऱ्या माणसाला ते कळलं नसतं. दुसरीवर घडणावळीत अर्धी सूट होती. ती सूट वजा केल्यावरही उरलेली घडणावळ तिसऱ्या दुकानाच्या बिनसुटीच्या घडणावळीपेक्षा जास्त निघाली. आणखी एक तर चांदीवर सोन्याचा मुलामा होता. मथळ्यात ‘बावीस कॅरेट’ आणि चांदीचा उल्लेख अगदी तळाशी.

आई म्हणाली, “तुह्या बाबावरच गेली तू. भाजीवालीच्या टोपल्यातही हात घालून पाहतं.”

“पैसे देण्याआधीच पाहायचं असतं, आई.”

“हाव, पाह्य बापा. पण एखादी पसंतही पडू दे.”

शेवटी एक पसंत पडली. मणी भरीव नव्हते, पण त्यांत लाखही नव्हती. बारीक साखळीत ओवलेले आणि मागे अडकवायचा आकडा. किंमत नीट फोडून दिली होती: सोन्याचं निव्वळ वजन गुणिले त्या दिवसाचा भाव, त्यावर घडणावळ, आणि दोन्हींच्या बेरजेवर तीन टक्के कर. मी कागदावर हिशेब मांडला, तो जुळला. पण संकेतस्थळावर ‘अस्सलपणाचं प्रमाणपत्र मोफत’ असंही झळकत होतं. ते प्रमाणपत्र देणार कोण? दुकानच. स्वतःच स्वतःला दिलेल्या दाखल्याला आमच्या घरात किंमत नव्हती. मी दुकानाच्या मदत क्रमांकावर फोन केला. बोलणारी मुलगी विनम्र होती. मी म्हटलं, प्रमाणपत्र राहू द्या, दागिन्यावर कोरलेला सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक सांगा. ती म्हणाली, मागणीनंतर घडवायच्या दागिन्याचा क्रमांक आधी नसतो, पण हा तयार आहे, विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी तिनं क्रमांक आणि आकड्यावरच्या पट्टीचा मोठा करून काढलेला फोटो पाठवला. त्रिकोणी खूण, २२के९१६ आणि सहा अक्षरं. मी तो क्रमांक सरकारी ॲपमध्ये टाकला. सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार, गळ्यातला हार, सगळं आलं. प्रकार पाहणं महत्त्वाचं. अंगठीचा खरा क्रमांक उचलून हारावर कोरणारेही असतात.

राहिल्या परतीच्या अटी. त्या मी आईला मोठ्यानं वाचून दाखवल्या. दोन आठवड्यांत परत केला तर भरलेली पूर्ण रक्कम परत, पण दागिन्याला बांधलेला सीलबंद टॅग तुटलेला नको. त्यानंतर फक्त परत-खरेदी. म्हणजे त्या दिवसाच्या भावानं निव्वळ सोन्याची किंमत, तीही काही टक्के कापून. घडणावळ आणि कर गेलेच. मूळ बिल लागणार आणि पैसे बिलावर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात. म्हणून मी आईच्या नावानं खातं उघडलं, बिल आईच्या नावानं घेतलं, पैसे आईच्या खात्यातून भरले. शेवटचं बटण तिनं स्वतः दाबलं. दाबताना तिनं बोट आधी पदराला पुसलं.

दागिना आला तेव्हा बाबा बुलढाण्याला बैठकीला गेले होते. मी पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढला. बाबांच्या तपासणीच्या पिशवीतून भिंग आणि खिशातला काटा आणला. आकड्यावरची अक्षरं फोटोशी ताडून पाहिली, वजन केलं. सगळं बरोबर होतं. मी विजयी मुद्रेनं वर पाहिलं तर आईनं एकदाणी गळ्यात घातलीसुद्धा होती आणि ती कपाटाच्या आरशापुढे उभी होती. मागच्या आकड्याजवळ प्लास्टिकचा छोटा पांढरा टॅग लोंबत होता.

“कापू का?” मी कात्री उचलली.

“राहू दे,” ती म्हणाली. “दोन हप्ते हायेत न?”

तिनं टॅग मानेमागे पोलक्यात खोचला.

बाबांपासून लपवायचं तिच्या मनात नव्हतं. रात्री जेवताना तिनं पदर बाजूला सारला आणि म्हणाली, “मी एकदाणी घेतली. माह्या पैशाची.”

बाबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी बिल मागितलं. हात धुवून आले, चष्मा लावला आणि गावातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाचं बिल वाचावं तसं ते ओळ न् ओळ वाचलं. निव्वळ वजन, भाव, घडणावळ, कर. माझ्याकडून ॲपवरची नोंद पाहिली. परतीच्या अटी वाचल्या आणि मान हलवली. “यात कुठंही फसवणूक नाही,” म्हणाले. आई त्यांच्याकडे पाहत होती. मीही. आम्हाला दोघींना बिलाबद्दल ऐकायचं नव्हतं.

बिलाची घडी घालून ते म्हणाले, “पैसा तुझा आहे. घाल. मी काही म्हणणार नाही.”

आणि ते खरोखर काही म्हणाले नाहीत. बाबा शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पूर्वी जेवताना आईच्या तोंडाकडे पाहून बोलायचे, आता ताटाकडे पाहून बोलू लागले. आई घरात एकदाणी घालायची आणि बाहेर कुणी हाक मारली की काढून डब्यात ठेवायची. मी एकदा चिडून म्हटलं, चोरीची आहे का? ती म्हणाली, “चोरीची असती तं बरं होतं. चोरीचं घालाले हिंमत लागत नाही, लपवलं की झालं.”

मी तेव्हा बाबांशी भांडले. छापखान्यात, यंत्राच्या आवाजात. म्हटलं, तुमचं पत्रक मुलीच्या बापाकडून सोनं उकळण्याविरुद्ध आहे. स्वतः कमावणाऱ्या बाईनं स्वतःसाठी घेतलेल्या मण्यांविरुद्ध नाही. मग तिला तसं म्हणा की एकदा. बाबांनी यंत्र थांबवलं. “मी तिला अडवलं का?” त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. “मग?” ते म्हणाले आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. त्यांचं ‘मग’ बिनतोड होतं. अडवलं नाही म्हणजे स्वातंत्र्य दिलं, अशी आमच्या सगळ्या चळवळीची समजूत आहे आणि ती किती तोकडी आहे हे मला त्या यंत्रापुढे उभी राहून पहिल्यांदा जाणवलं.

त्याच सुमारास बुलढाण्याजवळच्या देऊळघाटला एक लग्न होतं. मुलगी बाबांच्या अभ्यासवर्गात यायची. तिच्या घरच्यांनी तिच्यासाठी सोनं जमवायला सुरुवात केली होती. बाबांनी आणि आईनं चार खेपा घालून त्यांचं मन वळवलं होतं. लग्न दोन हारांवर ठरलं आणि पहिला हार आईनं मुलीच्या हाती द्यायचा, असं मुलीनंच सांगितलं होतं.

निघायच्या सकाळी आई एकदाणी घालून बाहेर आली. टॅग पोलक्यात खोचलेला, त्यावर पदर. बाबांनी पाहिलं आणि चप्पल शोधू लागले. मी मनात म्हटलं, शाब्बास. तिला काय वाटत होतं हे मी विचारलं नाही. बहुतेक तिला त्या दिवशी स्वतःच्याच माणसांत, उजेडात, एकदा ती घालून पाहायची होती. बुलढाण्यापर्यंतच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि वाटेत दोनदा हातानं मणी चाचपले.

मांडवात गर्दी फार नव्हती. हार दिले गेले, टाळ्या झाल्या, बाबा थोडं बोलले. मुलगी निळ्या नऊवारीत उभी होती, गळा मोकळा, आणि खरंच सुंदर दिसत होती. आई बायकांत येऊन बसली. तिथे मुलीची आई पाणी फिरवत होती. वाकून पेला देताना तिची नजर आईच्या मानेवर गेली. बसमध्ये टेकून बसल्यामुळे असेल, पदर सरकला होता आणि टॅग वर आला होता.

“बाई, चिठ्ठी तशीच राह्यली की,” ती हसून म्हणाली आणि टॅग आत सारायला तिनं हात पुढे केला. मग तिला दिसलं की चिठ्ठी कशाला लागलेली आहे. हात तसाच थांबला.

शेजारची एक म्हातारी म्हणाली, “नवी हाय वाटते. भाड्यानं आणली का?” कुणीतरी हसलं.

मुलीची आई हसली नाही. ती खाली बसली आणि अगदी हळू, आईलाच ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. मी आईला लागून बसले होते म्हणून मला ऐकू आलं. “बाई, मी माह्या पोरीसाठी अशीच एकदाणी सांगतली होती. तुमचा गळा पाहून नाही म्हणून कळवलं सोनाराले. माही पोर आज तशीच उभी हाय पाहा.”

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. हे हुंड्याचं नाही, हे तिच्या कष्टाचं आहे; तुमच्या मुलीनंही उद्या स्वतःच्या पगारातून घ्यावी; फरक समजून घ्या. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मी तोंड उघडलं तसा आईनं माझा हात दाबला. “बोलू नको,” म्हणाली. मग त्या बाईला म्हणाली, “खरं हाय तुमचं.” एवढंच. पाणी प्यायली, पेला परत दिला. जेवण होईपर्यंत बसली, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि आम्ही निघालो.

परतीच्या प्रवासात बाबा आमच्या पुढच्या बाकावर होते. त्यांनी ते बोलणं ऐकलं नव्हतं, पण मांडवातल्या कुजबुजीवरून त्यांना कळलं असणार. चिखली गेली, मेहकर फाटा गेला. मी त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, एक वाक्य बोला. चांगली दिसते म्हणा. नाहीतर चिडा, म्हणा की आपण आयुष्यभर केलेल्या कामाला तडा गेला. काहीही चाललं असतं. दोन्हींना आईकडे उत्तर होतं. गप्प राहण्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर आईनं एकदाणी काढली आणि डब्यात ठेवण्याऐवजी माझ्यापुढे ठेवली.

“परत पाठव,” म्हणाली.

मी खूप बोलले. म्हटलं, मुदत संपली तरी परत-खरेदी आहे, घाईत काही करू नकोस. पुढे मन बदललं तर बिल तुझ्या नावाचं आहे, सोन्याचा बहुतेक पैसा परत मिळेल. म्हटलं, त्या बाईचं दुःख खरं आहे, पण तिच्या लेकीचा गळा मोकळा राहिला याचा तुझ्या गळ्याशी संबंध नाही. आई ऐकत राहिली.

“संबंध हाय,” ती शेवटी म्हणाली. “त्याच गळ्याले हात लावून मी सांगतलं होतं तिले. तू पत्रक लिहितं माय, लोक कागद वाचतात अन् फेकतात. माहं तं अंगावरच छापलं होतं.” मग थांबून म्हणाली, “टॅग हाय न तसाच?”

टॅग तसाच होता. मी परतीची मागणी नोंदवली. कारणांच्या यादीत ‘आकार योग्य नाही’, ‘फोटोपेक्षा वेगळा’, ‘दोष आढळला’ आणि ‘मन बदललं’ असे पर्याय होते. मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसले. शेवटी आईनंच बोट ठेवलं. दोष आढळला असं खोटं लिहू नको, म्हणाली. ज्यानं घडवली त्याच्यावर उगाच यायचं. तिनं ‘मन बदललं’ निवडलं. तेही खोटंच होतं, पण ते तिच्या स्वतःवर होतं म्हणून तिला चाललं.

नेणारा माणूस आला तेव्हा पुन्हा व्हिडिओ काढला. भिंगातून अक्षरं दाखवली, काट्यावर वजन दाखवलं, टॅग दाखवला. पाकीट त्याच्यासमोर सील केलं, पावती घेतली. मी सगळं नियमानं केलं. मला येत होतं तेवढं मी केलं आणि ते करताना माझे हात एखाद्या सरकारी कारकुनासारखे कोरडे चालत होते, हे आठवलं की अजून वाईट वाटतं. काही दिवसांनी दुकानाकडून तपासणी झाल्याचा संदेश आला आणि मग आईच्या खात्यात पैसे जमा झाल्याचा.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. बाबांनी भाकरी मोडली, मान वर केली आणि पुष्कळ दिवसांनी आईच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं. मग नजर गळ्यावर आली.

“काढून ठेवली का?” त्यांनी विचारलं.

“परत केली.”

बाबांनी मोडलेला तुकडा परत ताटात ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील. आईलाही तसं वाटलं असावं, कारण तिनं हातातली वाटी खाली ठेवली.

“काही कापले का त्यांनी?” बाबांनी विचारलं.

“नाही,” आई म्हणाली. “पूर्ण आले.”

“मग ठीक,” बाबा म्हणाले आणि जेवू लागले. आईनं वाटी उचलली आणि त्यांना आमटी वाढली.